तारीख सर्वांची, काम कोणाचे?

सांगलीच्या बाजारपेठेत स्टीलच्या भांड्यांचा घाऊक व्यापार करणारी एक पेढी उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणावी. गादीवर दोन बंधू, बिले व वसुली पाहणारा पुतण्या, जुने मुनीमजी आणि गोदाम सांभाळणारा एक विश्वासू माणूस, अशी पाच जणांची मंडळी. करसल्लागार बाहेरचे. पाचही जण कामसू, हिशेबाला चोख. तरीही वर्षातून चार-पाच तारखा हुकतातच. जूनच्या ५ तारखेस गोदामाचे भाडे व दलाली देताना ४०,००० रुपये टीडीएस कापला गेला. तो सरकारात भरण्याची मुदत ७ जुलै. चलन तयार होते, बँकेत शिल्लक होती. पण पैसे भरले गेले ८ जुलैला. थोरल्या बंधूंनी विचारले, तेव्हा धाकट्यांचे उत्तर होते, “दादा, मला वाटले मुनीमजींनी भरले.” मुनीमजी म्हणाले, “शेठ, चलन मी टेबलावर ठेवले होते.”

एका दिवसाच्या या उशिराची किंमत एका दिवसाचे व्याज एवढीच नसते. कापलेला कर मुदतीत न भरल्यास, कापल्याच्या तारखेपासून भरण्याच्या तारखेपर्यंत दरमहा दीड टक्का व्याज लागते आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरला जातो. ५ जून ते ८ जुलै हे दोन महिने झाले. म्हणजे तीन टक्के, १,२०० रुपये. रक्कम पेढीला जड नाही. मात्र कारण नीट पाहिले नाही, तर ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते.

कारण विस्मरणाचे नव्हते. ७ तारीख तिघांनाही पाठ होती. काम नेमके कोणाच्या हाती आहे आणि कोठपर्यंत आले आहे, हे मात्र तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. म्हणून या दुखण्यावर दोन वेगवेगळी साधने लागतात. सामायिक कॅलेंडर ‘केव्हा’ हे सांगते; कामांचा फलक ‘कोणाकडे’ आणि ‘कोठे अडले’ हे सांगतो. बहुतेक पेढ्या पहिले करतात आणि दुसरे सोडून देतात.

प्रथम कॅलेंडर. गूगल कॅलेंडर विनामूल्य आहे आणि पाच जणांना पुरेसे आहे. नवे कॅलेंडर मोबाइलवर नव्हे, संगणकावर उघडावे. डाव्या बाजूस ‘Other calendars’ या शब्दांशेजारील अधिक चिन्हावर ‘Create new calendar’ हा पर्याय मिळतो. त्याला ‘पेढीच्या मुदती’ असे साधे नाव द्यावे. नंतर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येकाचा ईमेल पत्ता जोडावा. तारखा बदलण्याची मुभा, म्हणजे ‘Make changes to events’, दोघांनाच असावी. उरलेल्यांना ‘See all event details’ पुरे. सर्वांनीच खोडाखोड करावी अशी ही वही नव्हे.

या कॅलेंडरात केवळ अंतिम मुदती लिहाव्यात. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या पेढीसाठी ७ तारखेस टीडीएस, ११ तारखेस विक्रीचे जीएसटीआर-१, १५ तारखेस भविष्यनिर्वाह निधी, २० तारखेस जीएसटीआर-३बी. शिवाय अग्रिम कराचे १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर व १५ मार्च हे चार हप्ते. प्रत्येक नोंद एकदाच करून ‘Monthly on day 11’ अशा पर्यायाने ती दरमहा आपोआप येते. पर्युषण, दिवाळी, घरातील लग्नकार्ये यांचे दिवसही येथेच नोंदवावेत. पर्युषण तिथीनुसार दरवर्षी सरकते. ते ज्या वर्षी एखाद्या मुदतीजवळ येईल, त्या वर्षी काम किती आधी उरकायचे हे दोन महिने अगोदर दिसू लागते.

येथे तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले म्हणजे, कॅलेंडर सर्वांना दिसत असले तरी आठवणीची सूचना ज्याची त्याला स्वतः लावावी लागते. मालकांनी आपल्या खात्यात लावलेली सूचना मुनीमजींच्या फोनवर वाजत नाही. प्रत्येकाने या कॅलेंडरच्या सेटिंगमधील ‘All-day event notifications’ येथे दोन दिवस आधीची सूचना स्वतः घालावी. काम झाले की नाही याची परीक्षा सोपी आहे: तीन दिवसांनंतरची एक खोटी नोंद करावी आणि दुसऱ्या दिवशी पाचही फोन वाजले का, ते पाहावे. दुसरे, टीडीएसची तिमाही विवरणपत्रे ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी व ३१ मे रोजी असतात. ‘दर महिन्याच्या ३१ला’ अशी नोंद केली, तर ३० दिवसांचे महिने गळतात आणि नको त्या महिन्यांत सूचना येतात. म्हणून चार स्वतंत्र वार्षिक नोंदी कराव्यात. तिसरे, मार्चमध्ये कापलेल्या टीडीएसची मुदत ७ एप्रिल नसून ३० एप्रिल असते. तेवढी एक नोंद हाताने बदलावी. मुदतवाढ जाहीर झाली तरी ती सल्लागारांनी कळवल्याशिवाय कॅलेंडरात हात घालू नये.

आता फलक. तो दुकानातील पांढऱ्या बोर्डावर चिकटवलेल्या कागदी चिठ्ठ्यांचाही चालतो. पण गोदाम दूर असेल आणि सल्लागार बाहेरचे असतील, तर ट्रेलोसारखा फोनवर उघडणारा फलक सोयीचा. त्यावर पाच स्तंभ पुरतात: ‘या महिन्यात’, ‘हाती घेतले’, ‘अडले’, ‘तपासणीस’ आणि ‘पूर्ण’. प्रत्येक कामाचे एक कार्ड. कार्डावर ‘Members’ येथे एकच नाव, ‘Dates’ येथे आतली तारीख आणि ‘Checklist’ येथे पायऱ्या. ट्रेलोची सूचना कार्डावर ज्याचे नाव आहे त्याला जाते. सर्वांना वाजणारी घंटा कॅलेंडरची आणि एकट्याला वाजणारी घंटा फलकाची, अशी ही विभागणी आहे.

आतली तारीख म्हणजे पेढीने स्वतःसाठी ठरवलेली तारीख. ती अंदाजाने नव्हे, उलट दिशेने मोजून ठरते. जीएसटीआर-१चे उदाहरण पाहावे. मुदत ११. पोर्टलवर शेवटच्या दिवशी गर्दी असते, म्हणून भरणा ९ तारखेस व्हावा. सल्लागारांना तपासणीसाठी दोन दिवस लागतात. म्हणून माहिती त्यांच्याकडे ७ तारखेस पोचावी. त्यासाठी मालपरतीच्या जमापावत्या ५ तारखेपर्यंत पूर्ण हव्यात, आणि त्या होण्यासाठी गोदामातून परत आलेल्या मालाची यादी ३ तारखेस हवी. म्हणजे ११ तारखेचे काम वस्तुतः ३ तारखेस गोदामात सुरू होते. आजवर ही यादी मागितल्यावर मिळत असे. उशिराचे मूळ तेथे होते, आणि बोल मात्र मुनीमजींना लागत असे.

ही तारीख हुकली तर नुकसान आपलेच होते असेही नाही. विक्रेत्याने जीएसटीआर-१ मुदतीनंतर भरले, तर त्या बिलांवरील कराची वजावट ग्राहकाच्या जीएसटीआर-२बी या तक्त्यात त्या महिन्यात दिसत नाही. पुढच्या महिन्यात जाते. मिरजेच्या किंवा कोल्हापूरच्या किरकोळ दुकानदाराला तेवढी रक्कम महिनाभर खिशातून घालावी लागते. तो एकदा फोन करतो, दुसऱ्यांदा पुढची ऑर्डर दुसऱ्या पेढीकडे देतो.

महिन्याच्या १ तारखेस हे कार्ड ‘या महिन्यात’ येथे मुनीमजींच्या नावाने येते. ४ तारखेस गोदामाची यादी आलेली नाही, म्हणून मुनीमजी ते ‘अडले’ या स्तंभात सरकवतात आणि खाली एकच ओळ लिहितात: परत मालाची यादी हवी. आता हे कोणाला बोलून दाखवावे लागत नाही. थोरले बंधू सकाळी फलक पाहतात आणि गोदामात फोन करतात. ५ तारखेस यादी येते, कार्ड पुढे सरकते, ७ला ते ‘तपासणीस’ येथे सल्लागारांच्या नावावर जाते, आणि ९ला विवरणपत्र दाखल होते. ‘पूर्ण’ येथे मात्र ते शब्दावर जात नाही. पोर्टलने दिलेला पोचक्रमांक अथवा बँकेचे भरलेले चलन कार्डाला जोडल्यावरच जाते. ८ जुलैचे चलन टेबलावर पडून राहिले, कारण ‘तयार’ आणि ‘भरले’ यांतील फरक कोठेच लिहिलेला नव्हता.

सोमवारी दुकान उघडण्यापूर्वी १५ मिनिटे पाचही जणांनी फलकासमोर उभे राहावे. प्रत्येक कार्डाची चर्चा नको. ‘अडले’ हा स्तंभ आणि या आठवड्यातील आतल्या तारखा, एवढेच.

व्यवस्था ढिली पडू लागल्याची चिन्हे लवकर दिसतात. एखाद्या कार्डावर दोन नावे आली, की ते काम पुन्हा कोणाचेच राहत नाही. ‘अडले’ हा स्तंभ आठवडाभर रिकामा असेल, तर कामे सुरळीत आहेत असे मानू नये. बहुधा माणसे अडचण लिहायला संकोचतात. ज्याने ती लिहिली त्यालाच बोल बसला, तर तो पुढच्या वेळी लिहीत नाही. कॅलेंडरात वाढदिवस, वीजबिल, ग्राहकांच्या भेटी असे सारे भरले गेले, की सूचना न वाचता पुसण्याची सवय लागते. आणि आतली तारीख सतत हुकूनही अंतिम मुदत सांभाळली जात असेल, तर आतली तारीख चुकीची ठरली आहे. ती खरी वाटेल अशी पुन्हा मोजावी.

या साधनांची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. फलक पैसे उभे करत नाही. जीएसटीआर-३बी दाखल करण्यापूर्वी देय कर भरावाच लागतो. २० तारखेस खात्यात रक्कम नसेल, तर नीटनेटके कार्ड काही उपयोगाचे नाही. जीएसटीआर-२बी १४ तारखेस तयार होते. म्हणून १५ तारखेच्या आतल्या तारखेचे आणखी एक कार्ड थोरल्या बंधूंच्या नावाने असावे: ‘या महिन्याचा रोख कर किती, आणि तो कोठून येणार’. पाच दिवस हाती असले, की वसुलीसाठी दोन फोन करता येतात; १९ तारखेच्या रात्री कळले, तर करता येत नाहीत.

सुरुवात साऱ्या कामांपासून करू नये. पहिल्या महिन्यात टीडीएस, जीएसटीआर-१ व जीएसटीआर-३बी एवढी तीनच कार्डे चालवावीत. तिन्ही आतल्या तारखांना पोचक्रमांकासह ‘पूर्ण’ येथे पोचली, तरच चौथे कार्ड लावावे.