मांजरीचं लिटर निवडताना

अंधेरी-बोरिवलीच्या वन-बीएचकेमध्ये मांजराचा डबा ठेवायला जागा दोनच. बाथरूमचा कोपरा, नाहीतर ड्राय बाल्कनी. दोन्हीकडे ओल. म्हणून लिटर घेताना आधी मांजर बघा, मग पावसाळा.

बहुतेक मांजरांना बारीक, वाळूसारखं, बिनवासाचं लिटर आवडतं. उकरायला आणि झाकायला ते सोपं. त्यामुळे सुरुवात गोळे होणाऱ्या मातीने करा. ही बेंटोनाइट माती आपल्या शेजारी कच्छमध्ये निघते. शू पडली की ती फुगते आणि गोळा धरते. तो गोळा रोज काढा. शू साचून राहिली की उग्र वास सुटतो. थर दोन-अडीच इंचांचा ठेवा, नाहीतर गोळा तळाला चिकटून फुटतो. मातीचा तोटा म्हणजे धूळ. पिशवी डब्याच्या अगदी जवळ धरून हळू ओता. घरात कुणाला दमा असेल तर दुसरा पर्याय बघा.

टोफू लिटर सोयाबीनच्या चोथ्याचं असतं. धूळ कमी आणि वजनाला हलकं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत ही मोठी सोय. पण जुलैच्या दमट हवेत त्याला बुरशी आणि किडे लागू शकतात. पावसाळ्यात लहान पिशवी घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आंबूस वास आला तर सगळं टाकून द्या.

सिलिकाचे खडे शू शोषून घेतात, गोळा होत नाही. रोज शी काढा आणि खडे ढवळा. खडे पिवळे पडले, वास येऊ लागला की बदला. पावसाळ्यात ते हवेतली ओलही पितात, म्हणून लवकर संपतात. काही मांजरांच्या पंज्यांना ते टोचतात.

कागदाचं लिटर मऊ, धूळ फार कमी. ऑपरेशनचे टाके ओले असताना हे चांगलं. वास मात्र ते धरत नाही, सारखं बदलावं लागतं.

खर्च किलोवर मोजू नका. पिशवी उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहा. समजा, ५०० रुपयांची माती २० दिवस पुरली, तर रोजचे २५ रुपये. ४५० रुपयांचं टोफू १५ दिवस पुरलं, तर रोजचे ३०. स्वस्त दिसणारी पिशवी महाग पडली.

लिटर एकदम बदलू नका. जुन्या डब्याशेजारी नव्याचा डबा ठेवा आणि आठवडाभर बघा. मांजर काठावर उभी राहते, पंजे झटकते, न झाकताच पळते? मग ते तिला आवडलेलं नाही.

बोका सारखा डब्यात जाऊन कुंथतोय आणि शू होत नाही, तर लिटरला दोष देत बसू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. लगेच डॉक्टरकडे न्या.

आणि माती कमोडमध्ये टाकू नका. ती पाइपातही तशीच फुगते. पिशवीत बांधून कचऱ्यात द्या.