माळ्यावरची पाटी, मळ्यावरची पाटी

मुलांनो, मागे एका दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी एक गंमत झाली. गंमत कसली, नुकसानच झालं. आणि चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो.

माझा भाचा सांगलीला राहतो. तेव्हा तो सातवीत, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होता. सुट्टीला तो आमच्या गावी, म्हणजे सातारा जिल्ह्यात कोरेगावजवळ आला होता. त्या दिवशी मी बाजाराला गेलो होतो. दुपारी आभाळ भरून आलं आणि मला आठवलं, की बियाण्यासाठी निवडलेल्या वाघ्या घेवड्याची पाटी मळ्यातच राहिलीय. घाईघाईने मी भाच्याला मोबाईलवर निरोप धाडला:

`pati malyavar rahili, gheun ye`

भाचा आज्ञाधारक. लगेच शिडी लावून माळ्यावर चढला. धुळीत शोधशोध शोधलं आणि त्याला पाटी सापडलीसुद्धा! माझ्या लहानपणची, एका कोपऱ्यात फुटलेली दगडी पाटी. ती स्वच्छ पुसून, ओट्यावर ठेवून तो माझी वाट बघत बसला. तिकडे मळ्यात घेवडा भिजून गेला. मी घरी येऊन कपाळाला हात लावला, तर तो म्हणतो कसा, "मामा, तुम्हीच लिहिलंत ना, माळ्यावरची पाटी आणायला?"

मी निरोप पुन्हा वाचला. त्याचं बरोबर होतं. मी `malyavar` लिहिलं होतं. त्याचं 'मळ्यावर'ही होतं आणि 'माळ्यावर'ही. देवनागरीत लिहिलं असतं, तर 'म'ला काना आहे की नाही, एवढ्यावरच उलगडा झाला असता. 'पाटी' म्हणजे टोपली की लिहायची पाटी, हे मात्र देवनागरीतही कळलं नसतं, बरं का. पण मळ्यात लिहायची पाटी कशाला जाईल? एक शब्द पक्का असता, तर दुसरा आपोआप समजला असता.

आता `mala` हा छोटासा शब्द घ्या आणि कागदावर माझ्याबरोबर मांडा. पहिला `a` म्हणजे अ किंवा आ. `l` म्हणजे ल किंवा ळ. म्हणजे दोन दुणे चार शब्द झाले: मला, माला, मळा, माळा. चारही खरे मराठी शब्द! `pati`चंही तसंच: पती, पाती, पटी, पाटी. हे दोन शब्द शेजारी आले, की चार चोक सोळा शक्यता. आपण मोठी माणसं अडखळत नाही, कारण आपण ती अक्षरं वाचतच नसतो. आधीपासून ठाऊक असलेल्या शब्दांतून योग्य तो उचलतो. ज्याला तो शब्दच ठाऊक नाही, त्याने काय उचलायचं?

म्हणून त्या संध्याकाळी आम्ही एक खेळ खेळलो. मी मोबाईलवर आपल्या दोन जिल्ह्यांतली नावं रोमनमध्ये लिहीत गेलो आणि तो वाचत गेला. `Satara`, `Sangli`, `Karad` त्याने झटकन वाचलं. `Satara`मधले तिन्ही `a` म्हणजे 'आ', आणि `Karad`मधला पहिला मात्र 'अ', हे त्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही. ती नावं त्याने कानांनी ऐकली होती. पुढे आलं `Man`. तो म्हणाला, "मन." मग म्हणाला, "मान?" मग हसून म्हणाला, "का इंग्रजीतला माणूस?" तो होता साताऱ्यातला माण तालुका! सांगलीतल्या जतला, म्हणजे `Jat`ला, तो 'जात' म्हणाला. तालुका त्याच्याच जिल्ह्यातला, पण नाव कधी कानावर पडलं नव्हतं.

इथेच खरी मेख आहे. कान पुढे आणि डोळे मागे असतात, तोवर रोमन अक्षरं मदत करतात. परदेशातली मराठी मुलं गणपतीत आरत्या म्हणतात. त्यांतली काही रोमनमध्ये लिहिलेल्या कागदावरून म्हणतात. चाल ऐकलेली असते, कागद फक्त आठवण करून देतो. त्यात काही वाईट नाही. पण डोळे पुढे गेले, म्हणजे कधीही न ऐकलेला शब्द समोर आला, की तीच अक्षरं वाट अडवतात.

रोमन लिपीत मराठी लिहिणं आजचं नाही. फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' गोव्यात रायतूरला 1616 साली रोमन अक्षरांतच छापलं गेलं. त-ट, ल-ळ वेगळे दाखवायची सोयही रोमनमध्ये करता येते. 2001 साली ठरलेल्या एका आंतरराष्ट्रीय पद्धतीत ट आणि ळसाठी अक्षराखाली टिंब देतात, आणि 'आ'साठी डोक्यावर आडवी रेघ. पण निरोप लिहिताना टिंबं आणि रेघा देत बसतो कोण?

सुट्टी संपेपर्यंत मी भाच्याला रोज एक नवा उतारा देवनागरीत द्यायचो आणि दुसरा रोमनमध्ये. तो अडखळला, की मी पेन्सिलीने खूण करायचो. पहिल्या दिवशी देवनागरीच्या कागदावर खुणाच खुणा! 'ष्ट', 'क्ष', रफार, सगळीकडे गाडी थांबायची. रोमन उतारा त्याने भराभर वाचला. "बघा, मामा," म्हणाला. पण सुट्टीच्या शेवटी देवनागरीतल्या खुणा विरळ झाल्या होत्या, आणि रोमनमधल्या होत्या तिथेच होत्या: `t`पाशी, `d`पाशी, `n`पाशी, `l`पाशी, `a`पाशी. कारण सोपं आहे. 'ष्ट' अवघड असलं, तरी कागदावर आहे. दहादा पाहिलं की ओळखीचं होतं. `l`मध्ये मात्र 'ळ' कुठे लिहिलेलाच नाही. जे कागदावरच नाही, ते सरावाने दिसणार कसं?

देवनागरीत सगळंच असतं असं नाही हं. 'चार' आणि 'चारा' मोठ्याने म्हणून पाहा. 'च' एकच, उच्चार दोन! तिथे कानच लागतो. पण अशी ठिकाणं थोडी.

आता तुमची पाळी. तुमच्यासाठी रोमन अजून शिडी आहे की अडसर झालाय, हे ओळखायच्या तीन खुणा सांगतो. एक, ओळ शेवटपर्यंत वाचून परत मागे यावं लागतं, तेव्हा कुठे शब्द लागतो. दोन, पूर्वी न ऐकलेला शब्द आला, की तुम्ही तो मोठ्याने म्हणायचं टाळता. तीन, शब्दकोशात शब्द सापडत नाही. `kal` शोधायचा तर कल, कळ, काल, काळ अशा चार जागा धुंडाळाव्या लागतात, आणि त्यात मराठी कोशात 'ळ' येतो 'ह'च्याही नंतर! तिन्ही खुणा पटल्या, तर शिडी बाजूला ठेवायची वेळ झाली.

आईबाबांना एक विनंती. मुलांना निरोप धाडताना मोबाईलवर देवनागरी अक्षरांचा कळफलक घ्या. रोमन टंकून देवनागरी उमटवणारा कळफलक `mala` लिहिलं की 'मला, माला, मळा' असे पर्याय पुढे करतो. तुम्ही त्यातला बरोबर निवडाल. शिकणाऱ्या मुलाला मात्र तीच निवड करता येत नसते.

मी आता देवनागरीतच निरोप लिहितो. भाचाही लिहितो. परवाच त्याचा निरोप आला: 'मामा, यंदा घेवड्याची पाटी मळ्यात ठेवू नका.'