‘नमुना लहान होता’ या वाक्याआड काय लपते?

परळमध्ये केईएम आणि टाटा मेमोरियल ही रुग्णालये एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. येथे एमडी, एमएस करणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला अंतिम परीक्षेआधी एक प्रबंध सादर करावा लागतो. प्रबंधाच्या शेवटी ‘अभ्यासाच्या मर्यादा’ असा एक परिच्छेद असतो आणि बहुतेक वेळा तो तीन वाक्यांत आटोपतो. नमुना लहान होता, अभ्यास एकाच रुग्णालयात झाला, अधिक संशोधनाची गरज आहे. तिन्ही वाक्ये खरी असतात, तरीही वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. कारण ती मधुमेहाच्या प्रबंधातून उचलून मोतीबिंदूच्या प्रबंधात ठेवली, तरी एक शब्दही बदलावा लागत नाही.

असा परिच्छेद लिहिण्यामागे साधा हिशेब असतो. तोंडी परीक्षेत परीक्षकाने उणीव काढली, तर ‘ते मी लिहिलेच आहे’ असे म्हणता यावे. त्यासाठी कबुली अशा दोषांची दिली जाते, ज्यांचा दोष कोणालाच लागत नाही. रुग्ण कमी होते, वेळ कमी होता, रुग्णालय एकच होते. ज्या दोषामुळे निष्कर्षच डळमळेल, तो मात्र या कबुलीत सहसा सापडत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, महापालिकेच्या एका रुग्णालयात मधुमेहाच्या १०० रुग्णांना औषधांबरोबर आहाराचे समुपदेशन दिले. सहा महिन्यांनी त्यांच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करायची होती. प्रत्यक्षात ६२ जण परत आले आणि त्यांपैकी ५० जणांची साखर आटोक्यात होती. प्रबंधाच्या सारांशात लिहिले गेले, ‘८१ टक्के रुग्णांमध्ये साखर नियंत्रणात आली.’ मर्यादांमध्ये लिहिले गेले, ‘नमुना लहान होता व काही रुग्ण पाठपुराव्याला आले नाहीत.’

यात खोटे काहीच नाही. पण ‘काही’ म्हणजे १०० पैकी ३८, हे वाचकाला स्वतः वजाबाकी करून शोधावे लागते. न आलेले ३८ जण आलेल्या ६२ जणांसारखेच होते, असे मानायला आधार नाही. कोणी गणपतीला कोकणात गेला आणि परतलाच नाही, कोणी गोळ्या सोडल्या म्हणून डॉक्टरांसमोर यायला कचरला, कोणाला रोजंदारी बुडवून रांगेत उभे राहणे परवडले नाही. साधारणपणे औषध नेटाने घेणारेच परत येतात. म्हणजे ८१ हा आकडा नुसता अनिश्चित नाही, तो बहुधा फुगलेला आहे.

प्रामाणिक परिच्छेद येथून सुरू होतो. तो सांगतो की न आलेल्या सर्वांची साखर आटोक्यात नव्हती असे धरले, तर यश १०० पैकी ५०, आणि सर्वांची आटोक्यात होती असे धरले, तर ८८. खरा आकडा या दोन टोकांमध्ये कुठेतरी आहे. संशोधकाने त्यापुढे जाऊन ३८ जणांना फोन केले, असे समजू. २५ जण बोलले. त्यांपैकी १७ जणांनी औषधे बंद केली होती, तर ८ जण घराजवळच्या दवाखान्यात उपचार घेत होते. औषध सोडलेल्यांची साखर आटोक्यात नसावी असे धरले, तर वरचे टोक ८८ वरून ७१ वर येते. म्हणजे सारांशातला ८१ हा आकडा या पट्ट्यातच बसत नाही. मर्यादा नीट लिहिताना निकालच बदलला.

‘नमुना लहान होता’ ही ढाल इतकी सोयीची का, तेही यातून कळते. या वाक्याचा अर्थ असा होतो की, हेच काम मोठ्या प्रमाणावर केले असते, तर उत्तर पक्के झाले असते. पण १०० ऐवजी १,००० रुग्ण घेतले आणि ३८० परत आलेच नाहीत, तरी पहिला पट्टा ५० ते ८८ असाच राहतो. लहान नमुन्याने आकडा दोन्ही बाजूंना हलू शकतो. रुग्ण गळाल्याने तो एकाच बाजूला झुकतो. नमुना वाढवून हा झुकाव जात नाही. म्हणून मर्यादा वाचताना पहिला प्रश्न असा विचारावा की, या दोषाने निकाल कोणत्या दिशेला ढकलला, हे लेखकाने सांगितले आहे का?

दुसरा प्रश्न मर्यादेच्या जागेचा. त्यासाठी परळमधलेच खरे उदाहरण आहे. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईत स्तनांच्या कर्करोगाची मोठी चाचणी सुरू केली. शहरातल्या २० वस्तीगटांमधील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया तीत होत्या. निम्म्या गटांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, हाताने स्तनतपासणी केली. उरलेल्या गटांना कर्करोगाविषयी माहिती देऊन त्यांच्यावर लक्ष ठेवले. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निकाल २०२१ मध्ये ‘बीएमजे’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

तपासणीच्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू १५ टक्के कमी होते. पण योगायोगाला वाव ठेवून पाहिले, तर खरा परिणाम २९ टक्के घटीपासून १ टक्का वाढीपर्यंत कुठेही असू शकत होता. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये मात्र घट जवळजवळ ३० टक्के आणि संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरणारी होती. मथळ्यात बसेल असा हा आकडा. त्याची मर्यादा अशी की हे वयानुसार विश्लेषण आधी ठरलेले नव्हते, नंतर केलेले होते. आधी बाण मारून मग त्याभोवती वर्तुळ काढले, तर नेम लागल्यासारखा दिसू शकतो; म्हणून अशा आकड्याकडे सावधपणे पाहावे लागते.

हा शब्द, ‘नंतर केलेले विश्लेषण’, लेखकांनी शेवटच्या पानावर ढकलला नाही. तो सारांशातच, ३० टक्क्यांच्या आकड्याला चिकटून आहे. एकूण घट कसोटीला उतरली नाही, हेही निष्कर्षात लिहिलेले आहे. तरीही ही तपासणी आपल्यासारख्या देशांनी विचारात घ्यावी, अशी शिफारस लेखकांनी केली. ती मान्य करावी की नाही, यावर तज्ज्ञांमध्ये दुमत होऊ शकते. पण शिफारस नाकारायला लागणारा पुरावा लेखकांनी स्वतःच वाचकाच्या हाती दिला आहे. स्वतःचा बचाव करणारा परिच्छेद नेमके हेच टाळतो.

मधुमेहाच्या त्या काल्पनिक प्रबंधात ३८ हा आकडा सारांशात, ८१ च्या शेजारी असता, तर वाचक फसला नसता. म्हणून कोणताही प्रबंध वाचताना आधी निष्कर्ष वाचावा, मग मर्यादा, आणि पुन्हा निष्कर्ष. मर्यादांमध्ये लिहिलेल्या गोष्टीने निष्कर्षातला एखादा आकडा खाली आला आहे का, एखादे ‘सिद्ध झाले’ हे ‘असे दिसते’ झाले आहे का, ते पाहावे. निष्कर्ष जसाच्या तसा उभा असेल, तर दोन शक्यता उरतात. एकतर दोष खरोखरच किरकोळ होता, आणि तसे असेल तर तो किरकोळ का, हे लिहिलेले सापडेल. नाहीतर तो परिच्छेद परीक्षकासाठी लिहिलेला आहे, रुग्णासाठी नाही.