साठ किलोमीटर? कुणाचे?

परवा रात्री मित्राचा फोन. “अरे, बावधनला उभाय. सायकल बंद पडली.” नवीकोरी ई-सायकल, शोरूमवाल्याने ‘60 किलोमीटर आरामात’ म्हणून गळ्यात मारलेली. कोथरूड ते हिंजवडी, जाऊन-येऊन तीसच. मग बिनसलं कुठे?

ब्रोशरमधले साठ किलोमीटर बहुतेक वेळा हलका रायडर, सपाट रस्ता आणि सर्वांत कमी असिस्ट धरून मोजलेले असतात. आपला माणूस 75 किलोचा, रस्त्यात चांदणी चौक, आणि साहेबांचा अंगठा कायम थ्रॉटलवर!

हिशेब अगदी किराणा दुकानातला आहे. बॅटरीवर 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवर असं लिहिलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार केला की 360 वॉट-अवर. हे झाले खिशातले पैसे. त्यातले पंधरा टक्के हातात येत नाहीत असं धरा, कारण बॅटरी पूर्ण रिकामी होण्याआधीच सर्किट तिला बंद करतं. उरले साधारण 306.

आता खर्च. पेडल न मारता ताशी 25 ने गेलात, तर सपाट रस्त्यावर, सिग्नलची थांबाथांब धरून, किलोमीटरला 12 वॉट-अवर जातात. तीस किलोमीटरचे झाले 360. चढणीचे वेगळे. रायडर, सायकल, बॅग मिळून 100 किलो वजन 100 मीटर वर न्यायला 27 वॉट-अवर लागतात, पण मोटरमधली गळती धरली तर बॅटरीतून 40 जातात. दोन्ही वेळच्या चढणी मिळून दीडशे मीटर धरल्या, तर 60. एकूण 420, आणि खिशात 306! बाविसाव्या किलोमीटरच्या आसपास बत्ती गुल होणारच.

उतारावर परत मिळेल म्हणाल, तर विसरा. बऱ्याचशा स्वस्त हब मोटर उतारावर नुसत्या मोकळ्या फिरतात, चार्जिंग शून्य.

वजनाची मात्र उगाच धास्ती नको. सपाटीवर खरा शत्रू वारा. वीस किलो जास्त असलेल्याला किलोमीटरला जेमतेम अर्धा-पाऊण वॉट-अवर जादा लागतो. वजनाचा फटका बसतो तो चढणीला. तिथे 40 चे 48 होतात.

मित्राला असिस्ट खालच्या लेव्हलवर ठेवून पेडल मारायला लावलं. किलोमीटरला 7 म्हणजे 210, चढणीचे 40. अडीचशेत घरी, वर पन्नास शिल्लक. बॅटरी जुनी झाली की मात्र हे पन्नासच आधी संपतात, म्हणून वर्षातून एकदा हिशेब पुन्हा करा.

आणि डिस्प्लेवरचे दांडे? चढणीवर व्होल्टेज दबतं म्हणून दोन दांडे गायब, सपाटीला आलं की परत हजर. चार्ज बघायचा तर थांबून, मोटर शांत असताना बघा.

मित्राने मात्र पेडलचं फार मनावर घेतलेलं नाही. त्याचा चार्जर आता ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतो.