‘योग्य निर्णय!’ म्हणजे विरोध की समर्थन? प्रतिक्रियांची मोजणी दुसऱ्यालाही तशीच जमावी म्हणून

२०२५ च्या एप्रिल ते जून या काळात पहिलीपासून हिंदी या विषयावर मराठी बातम्यांखाली प्रतिक्रियांचा पूर आला होता. ‘नेटकरी संतापले’, ‘सोशल मीडियावर संमिश्र प्रतिक्रिया’ असे मथळेही त्यातूनच निघाले. पण संतापले म्हणजे नेमके किती जण, आणि कशावर? दहा-बारा प्रतिक्रिया उचलून बातमी करणं सोपं आहे. त्याच प्रतिक्रिया मोजून काही म्हणायचं असेल, तर माझी मोजणी उद्या दुसऱ्या कोणी केली तरी साधारण तीच यायला हवी. नाहीतर तो आकडा म्हणजे आकड्याच्या वेषातलं माझं मत.

आधी घटनाक्रम, कारण पुढे तो लागणार आहे. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयात मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिली ते पाचवी हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली होती. विरोधानंतर १७ जूनला सुधारित जीआर आला. त्यात ‘अनिवार्य’ गेलं आणि हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा असेल असं आलं. दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर त्या इयत्तेतल्या किमान २० विद्यार्थ्यांनी ती मागायला हवी, अशी अट होती. २९ जूनला मुख्यमंत्र्यांनी दोन्ही जीआर रद्द केल्याचं जाहीर केलं आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

आता एक प्रतिक्रिया घ्या. (या लेखातल्या प्रतिक्रिया त्या धाटणीच्या, पण मी रचलेल्या आहेत. खऱ्या माणसांची वाक्यं इथे छापायची गरज नाही.) ‘योग्य निर्णय, अभिनंदन!’ एवढंच वाक्य. १७ एप्रिलच्या बातमीखाली ते हिंदीच्या बाजूचं आहे. ३० जूनच्या बातमीखाली शब्द तेच, पण अर्थ बरोबर उलटा, कारण तिथे ‘निर्णय’ म्हणजे माघार. एका वाचकाने सरळ ‘सकारात्मक’ असा शिक्का मारला आणि दुसऱ्याने बातमी बघून मारला, तर दोघांची बेरीज कधीच जुळणार नाही.

म्हणून ‘सकारात्मक’ आणि ‘नकारात्मक’ हे गट मी वापरतच नाही. ते भावनेचे गट आहेत, मताचे नाहीत. पहिला नियम असा: प्रत्येक प्रतिक्रियेला एकच प्रश्न विचारायचा. ‘पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा ही तरतूद असावी, असं या मजकुरात म्हटलंय की नसावी?’ असावी म्हटलं तर ‘समर्थन’, नसावी म्हटलं तर ‘विरोध’, आणि मजकुरातून दोन्ही निघत नसेल तर ‘अस्पष्ट’. बातमी कुठल्याही तारखेची असो, प्रश्न बदलत नाही. वाचकाला प्रतिक्रियेसोबत बातमीचा मथळा आणि तारीख दिसली पाहिजे. लिहिणाऱ्याचं नाव आणि लाइक्सची संख्या मात्र दिसता कामा नये. नाव का नको, हे महाराष्ट्रात समजावून सांगायची गरज नसावी. आडनाव वाचलं की अर्धं लेबल डोक्यात तयार होतं.

नमुना निवडणं हा वेगळा विषय आहे, इथे थोडक्यात सांगतो. साइटवर जो ‘टॉप’ क्रम दिसतो त्यातून उचलायचं नाही, कारण तो क्रम आधीच कोणीतरी लावलेला असतो. ठरवलेल्या बातम्यांखालच्या सगळ्या प्रतिक्रिया वेळेनुसार लावायच्या, एक ते दहामधला एक आकडा चिठ्ठीने काढायचा आणि तिथपासून दर दहावी घ्यायची. प्रतिक्रियेला आलेली उत्तरं वगळायची, कारण ‘तुमचं बरोबर आहे’ याचा अर्थ वरचं वाक्य वाचल्याशिवाय लागत नाही.

मग दोन वाचक. दोघांनी एकमेकांशी न बोलता, वेगवेगळ्या फाइलमध्ये, त्याच शंभर प्रतिक्रियांना लेबल लावायचं. चर्चा नंतर. एकत्र बसून चहा घेत लेबल लावली तर सहमती उत्तम येते, पण ती ज्याचा आवाज मोठा त्याची असते.

हिशोबासाठी सोयीचे आकडे धरून एक उदाहरण करू. पहिल्या वाचकाने ६० विरोध, २० समर्थन, २० अस्पष्ट अशी लेबलं लावली. दुसऱ्याने ७० विरोध, १० समर्थन, २० अस्पष्ट. दोघांची लेबलं एकमेकांसमोर मांडली की तक्ता असा दिसतो:

| पहिला ↓ / दुसरा → | विरोध | समर्थन | अस्पष्ट |
|---|---|---|---|
| विरोध | ५४ | १ | ५ |
| समर्थन | ८ | ८ | ४ |
| अस्पष्ट | ८ | १ | ११ |

तिरक्या रेषेवरचे आकडे जुळलेले: ५४ + ८ + ११ = ७३. शंभरात ७३ जुळले, म्हणजे बरंच की! इथेच फसायला होतं. दोघांनीही बहुतेक ठिकाणी ‘विरोध’ लिहिलंय, त्यामुळे डोळे मिटून लेबल लावली असती तरी काही जुळलीच असती. ती किती, हे काढता येतं. पहिला ०.६० वेळा विरोध म्हणतो, दुसरा ०.७०, म्हणून योगायोगाने दोघेही विरोध म्हणण्याचा वाटा ०.४२. समर्थनाचा ०.२० × ०.१० = ०.०२ आणि अस्पष्टचा ०.२० × ०.२० = ०.०४. बेरीज ०.४८. म्हणजे जुळलेल्या ७३ पैकी ४८ तर फुकटात मिळण्यासारख्या होत्या.

जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये मांडलेला ‘कप्पा’ हेच मोजतो. (हे ग्रीक अक्षराचं नाव आहे, कपाटाच्या कप्प्याशी संबंध नाही, जरी काम कप्पे तपासण्याचंच असलं तरी.) योगायोगाच्या वर जितकं जुळू शकलं असतं, त्यातलं प्रत्यक्षात किती जुळलं? (०.७३ − ०.४८) ÷ (१ − ०.४८), म्हणजे सुमारे ०.४८. मजकूर विश्लेषणातल्या क्लाउस क्रिपेनडॉर्फ यांनी आपल्या ‘अल्फा’ या मापासाठी ०.८०० च्या वर असावं आणि ०.६६७ च्या खाली निष्कर्ष काढू नयेत असा दंडक सुचवला होता. कप्पासाठीही लोक साधारण तोच पाळतात. ०.४८ घेऊन काहीही छापता येत नाही. आणि यात धोका काय तो बघा: त्याच शंभर प्रतिक्रियांवरून एक म्हणेल ६० टक्के विरोधात, दुसरा म्हणेल ७०. दोघेही प्रामाणिक.

दोन्ही फाइल एका सीएसव्हीत आणल्या की हे काम पायथॉनमध्ये चार-पाच ओळींचं आहे:

```python
import pandas as pd
from sklearn.metrics import cohen_kappa_score

d = pd.read_csv("labels.csv")
print(cohen_kappa_score(d["a"], d["b"]))
print(pd.crosstab(d["a"], d["b"]))
```

माझ्या मते शेवटची ओळ कप्पाच्या आकड्यापेक्षा जास्त कामाची आहे. कप्पा सांगतो की बिघाड आहे; तक्ता सांगतो कुठे. वरच्या तक्त्यात तिरक्या रेषेबाहेर ८ हा आकडा दोनदा आलाय. त्या सोळा प्रतिक्रिया काढून वाचायच्या.

पहिल्या आठ: पहिल्याने समर्थन म्हटलं, दुसऱ्याने विरोध. या जातीतली नेहमीची प्रतिक्रिया म्हणजे ‘हिंदी शिकायला कोणाची ना नाही, पण पहिलीपासून सक्ती कशाला?’ पहिल्याने पूर्वार्ध पकडला, दुसऱ्याने उत्तरार्ध. दोघेही आपापल्या जागी बरोबर, कारण नियमाने त्यांना मदतच केली नाही. म्हणून नवा नियम: भाषेबद्दलचं मत मोजायचं नाही, तरतुदीबद्दलचं मोजायचं. ‘पण’, ‘मात्र’, ‘तरी’ असा जोड असेल तर तरतुदीबद्दल बोलणारा भाग धरायचा. ही प्रतिक्रिया ‘विरोध’. आणि ‘पाचवीपासून शिकवा, चालेल’ हीसुद्धा ‘विरोध’, कारण पहिलीपासून नको असंच ती म्हणते. हा नियम काहींना पटणार नाही. चालेल. नियम पटण्यासाठी नसतो, सारखा लागू करता यावा म्हणून असतो. ज्याला पटत नाही त्याने तो बदलून पुन्हा मोजावं, तेवढी सोय आपण ठेवलेली आहे.

दुसऱ्या आठ: पहिल्याने अस्पष्ट म्हटलं, दुसऱ्याने विरोध. ‘निवडणूक आली की यांना भाषा आठवते’, ‘आधी शाळेत शिक्षक तरी द्या’. सरकारवर राग आहे, म्हणजे विरोध असणार, असं दुसऱ्याने धरलं. पण पहिलं वाक्य जीआरच्या बाजूचा माणूसही विरोधी पक्षांना उद्देशून लिहू शकतो! नियम: सरकार, पक्ष किंवा नेत्यावरचा राग वेगळ्या रकान्यात ‘आहे/नाही’ असा नोंदवायचा. तरतुदीबद्दल शब्द नसेल तर ‘अस्पष्ट’.

उपहासाचं काय? ‘वा, आता पोरं पाळण्यातच तीन भाषा बोलणार!’ इथे अशक्य अतिशयोक्ती मजकुरातच आहे, म्हणून उलटा अर्थ घ्यायचा. अशी दाखवता येणारी खूण नसेल तर वाक्य जसं आहे तसं वाचायचं. ‘मला तर टोमणा वाटला’ हे कारण चालणार नाही. यात काही खरे टोमणे निसटतात, ते मान्य करून पुढे जावं लागतं.

नव्या नियमांनी ते सोळा सुटले आणि बाकी काही हललं नाही असं धरलं, तर ८९ जुळतात आणि कप्पा साधारण ०.७८ येतो. पहिल्याचा विरोध ६८, दुसऱ्याचा ६२. पण हा ०.७८ मी वापरणार नाही. ज्या प्रतिक्रियांवर भांडून नियम केले, त्यांच्यावरच ते नियम तपासणं म्हणजे पेपर फुटल्यावर परीक्षा देणं. नव्या शंभर प्रतिक्रिया, तेच नियम, पुन्हा न बोलता लेबलं, आणि शक्यतो त्या चर्चेत नसलेला तिसरा वाचक. तिथे जो कप्पा येईल तो खरा, आणि तो चर्चेआधीच्या लेबलांवरच काढायचा.

या मापाला एक मर्यादाही आहे. शंभरातल्या ९५ प्रतिक्रिया एकाच गटातल्या असतील तर योगायोगाचा वाटाच इतका मोठा होतो की दोन-तीन मतभेदांनीही कप्पा धाडकन खाली येतो. म्हणून नुसता आकडा देऊ नये, तक्ता सोबत द्यावा. जुळणी कितीही चांगली आली तरी ती लेबलांची जुळणी आहे. बातमीखाली लिहिणारे म्हणजे महाराष्ट्रातले पालक नव्हेत, आणि साइटने काढून टाकलेल्या प्रतिक्रिया आपल्या नमुन्यात मुळात आलेल्याच नाहीत. तेव्हा ‘६५ टक्के मराठी माणसांचा विरोध’ असा मथळा यातून निघत नाही. ‘या तारखांच्या या बातम्यांखालच्या, या नियमांनी तपासलेल्या प्रतिक्रियांपैकी इतक्या’ एवढंच निघतं, आणि त्याखाली नियमांची फाइल डाउनलोड करायला ठेवता येते.