चित्राखालच्या चार ओळी आणि नोकरीतील खंड

विवाह, बाळंतपण किंवा घरातील आजारपण यांमुळे नोकरी सोडाव्या लागलेल्या सुशिक्षित स्त्रियांना पुन्हा कामावर घेण्याच्या योजना गेल्या दोन दशकांत अनेक मोठ्या कंपन्यांनी जाहीर केल्या आहेत. त्यांची जाहिरात बहुधा एका हसऱ्या चेहऱ्याच्या छायाचित्राने होते. खाली ‘तुमचा दुसरा डाव आमच्यासोबत’ अशा धर्तीच्या चार ओळी असतात. चित्र कोणाचेही असो. अर्ज करणाऱ्या स्त्रीचा निर्णय त्या चार ओळींवर ठरतो. म्हणून त्यांत काय सांगितले जाते आणि काय वगळले जाते, हा प्रश्न वरवर वाटतो तितका किरकोळ नाही.

आपल्याकडील या प्रकारच्या आरंभीच्या योजनांत टाटा समूहाची २००८ साली सुरू झालेली ‘सेकंड करिअर’ योजना ठळकपणे येते. तिची रूपरेषा समजण्याजोगी होती. कोणत्याही कारणाने नोकरीत खंड पडलेल्या अनुभवी स्त्रियांना समूहातील एखाद्या कंपनीत प्रत्यक्ष कामाचा एक प्रकल्प द्यायचा. सुमारे ५०० तासांचे ते काम साधारण सहा महिन्यांत, सोयीच्या वेळा ठरवून पुरे करायचे. सहा महिन्यांनंतर पूर्णवेळ नोकरी मिळेलच, अशी हमी मात्र त्यात नव्हती. वस्तुतः अशा योजनांचे मर्म याच शेवटच्या मुद्द्यात आहे आणि चित्राखालच्या ओळींतून नेमका तोच गळण्याचा संभव सर्वाधिक असतो.

धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यात ईट हे गाव आहे. समजा, पुण्यात तीन वर्षे एका कंपनीच्या हिशेब विभागात काम केलेली एक वाणिज्य पदवीधर लग्नानंतर या गावी आली आणि पाच वर्षे घरीच राहिली. एका कंपनीच्या जाहिरातीत ‘लवचिक वेळ, सन्मानजनक मानधन’ हे शब्द तिच्या वाचनात आले. लवचिक वेळ म्हणजे लवचिक स्थळ नव्हे, हे त्या ओळी सांगत नाहीत. ५०० तास सव्वीस आठवड्यांत विभागले तर आठवड्याला सुमारे १९ तास होतात. म्हणजे चार दिवस रोज जवळजवळ पाच तास. हे काम पुण्याच्या कार्यालयातच करायचे असेल तर ईटहून रोज जाणे-येणे अशक्य. पुण्यात राहणे क्रमप्राप्त ठरते.

आता हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. मानधन दरमहा १८,००० रुपये. खोली व जेवण ९,०००. मुलाला सांभाळण्याचा खर्च ६,०००. गावी जाणे-येणे व किरकोळ २,०००. महिन्याची शिल्लक १,००० रुपये. सहा महिन्यांचे मानधन १,०८,००० रुपये, म्हणजे तासाला २१६ रुपये दिसतात. पदरात मात्र तासाला बारा रुपये पडतात. कोणी म्हणेल, मग तिने जाऊच नये. परंतु हा निष्कर्ष घाईचा होईल. या सहा महिन्यांचे खरे मूल्य मानधनात नसून, त्यानंतर कायम नोकरी मिळण्याच्या शक्यतेत आहे. दहांपैकी सात जणींना नेमणूक मिळत असेल तर ही ओढाताण सोसण्यात अर्थ आहे. दहांपैकी एकीलाच मिळत असेल तर नाही. सारा निर्णय या एका आकड्यावर तोललेला आहे. तो कंपनीला ठाऊक असतो, अर्जदार स्त्रीला नसतो. व्यवहारातील एका पक्षाला अधिक माहिती असली की बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले होते. येथे विक्रेत्याच्या जागी कंपनी आहे, एवढाच फरक.

दुसरा प्रश्न पात्रतेचा. ‘अनुभवी स्त्रियांनी अर्ज करावेत’ या वाक्यातील अनुभव कसा मोजणार? सेवाखंड हा शब्द आपल्याकडील शिक्षकांना आणि लिपिकांना चांगला परिचयाचा आहे. एका दिवसाच्या खंडाने काय होते, हे त्यांना सांगावे लागत नाही. येथेही खंड कोणत्या दिवसापासून मोजायचा, अर्जाच्या दिवशी तो किमान व कमाल किती असावा, मधल्या काळात घेतलेल्या शिकवण्या किंवा घरच्या दुकानाचे सांभाळलेले हिशेब हा खंड समजायचा की काम, हे स्पष्ट हवे. कागदपत्रांचा प्रश्न तर याहून अवघड. लहान आस्थापनांतून नोकरी सोडताना कार्यमुक्तीचे पत्र कित्येकींना मिळालेलेच नसते. वेतनपावती, भविष्यनिर्वाह निधीचे खाते किंवा पगार जमा झालेले बँकेचे पासबुक यांपैकी काय चालेल, हे आधी न सांगितल्यास निवड झालेली स्त्री शेवटच्या पायरीवर अडते. तोपर्यंत तिचा प्रवासखर्च झालेला असतो आणि घरच्यांची समजूत घालण्याचे श्रमही वाया गेलेले असतात. अस्पष्ट पात्रतेची किंमत कंपनी मोजत नाही, अर्जदार मोजते.

तिसरा मुद्दा साहाय्याचा. पाळणाघराची सोय ही पुष्कळदा कंपनीचे औदार्य म्हणून मांडली जाते. परंतु ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आले आणि पुढे सामाजिक सुरक्षा संहितेनेही ते कायम ठेवले. जे कायद्याने द्यावेच लागते ते भेट म्हणून दाखवणे अप्रामाणिक आहे. उलट सहा महिन्यांचा हा करार ‘नोकरी’ समजला जाणार की केवळ ‘प्रशिक्षण’, भविष्यनिर्वाह निधी कापला जाणार की नाही, यासंबंधी त्या ओळी मौन पाळतात. साहाय्याच्या यादीत कायद्याचे देणे कोणते आणि कंपनीने स्वतःहून दिलेले कोणते, हे वेगळे दाखवले पाहिजे.

स्पष्ट मजकूर लिहिला तर अर्ज कमी येतील, अशी भीती कंपन्यांना वाटते. अर्ज कमी येतील, हे खरे. परंतु जे येतील ते अटी समजून आलेले असतील. अर्ध्यावर सोडून जाणाऱ्यांची संख्या घटेल आणि निवडीवरचा खर्चही वाचेल. असा मजकूर लांबलचक असावा लागतो, असेही नाही. उदाहरणार्थ:

‘किमान दोन वर्षांचा पगारी अनुभव आणि अर्जाच्या दिवशी किमान सहा महिन्यांचा खंड असलेल्या स्त्रियांसाठी. खंडाचे कारण विचारले जाणार नाही. सहा महिन्यांत ५०० तास काम. आठवड्यातून दोन दिवस पुण्याच्या कार्यालयात हजेरी, उरलेले काम घरून. मानधन दरमहा १८,००० रुपये. भविष्यनिर्वाह निधी लागू नाही. अनुभवपत्र नसल्यास पगार जमा झालेले पासबुक चालेल. ही कायम नोकरी नव्हे. मागील तुकडीतील १२ जणींपैकी ५ जणींना नेमणूक मिळाली.’

या मजकुरातील आकडे नमुन्याचे असले तरी जागा नमुन्याच्या नाहीत. प्रत्येक कंपनीने त्या स्वतःच्या खऱ्या आकड्यांनी भराव्यात. पहिल्याच तुकडीची योजना असेल तर ‘पूर्वीचा अनुभव नाही’ एवढे लिहावे. तेही प्रामाणिकच ठरेल. हे वाचून ईटची ती पदवीधर कदाचित अर्ज करील, कदाचित करणार नाही. मात्र आठवड्यातून दोनच दिवस हजेरी असेल तर पुण्यात खोली घेण्याऐवजी एका रात्रीचा मुक्काम पुरतो आणि तिचा सारा हिशेब बदलतो, हे तिला घरबसल्या कळेल. नोकरीत खंड पडलेल्या स्त्रीजवळ उमेद कमी असते म्हणून ती परतत नाही, असा एक समज रूढ आहे. पुष्कळदा उणीव उमेदीची नसते, हिशेब मांडण्यास लागणाऱ्या माहितीची असते. आणि ती देणे कंपनीच्या हाती आहे.