यादी पोचली, गाणी कुठे अडकली?

काँप्युटरवरची स्वतःची एमपी३ गाणी स्पॉटिफायच्या प्लेलिस्टमध्ये टाकली की फोनवर नावं दिसतात, पण राखाडी, वाजत नाहीत. लोक लगेच म्हणतात, "सिंक बिघडलं." माझ्या मते दिशाभूल करतो तो 'लायब्ररी' हा शब्द. सर्व्हरवर जाते ती फक्त यादी. फाईल तुमच्याच डिस्कवर राहते, आणि फोनला ती घरच्या वाय-फायवरून थेट काँप्युटरकडून घ्यावी लागते.

हे कळलं की उपाय सरळ आहे. प्रीमियम खातं हवं. काँप्युटरवर `Show Local Files` चालू करून गाण्यांचा फोल्डर जोडा आणि गाणी प्लेलिस्टमध्ये टाका. फोनवरही त्याच खात्याने, त्याच वाय-फायवर या. काँप्युटरवर स्पॉटिफाय उघडं ठेवून फोनवर ती प्लेलिस्ट डाउनलोड करा.

तरीही राखाडीच? आयफोन असेल तर `Local Network` ची परवानगी बघा, मग काँप्युटरची फायरवॉल. फोन राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर असेल तर बहुतेक वेळा त्याला काँप्युटर दिसतच नाही.

फोन बदलला की हे सगळं पुन्हा. म्हणून मूळ फाईल पुसू नका. या 'लायब्ररी'त तिची प्रत ठेवलेली नसते.